२०,०००ची पॉवर बँक, ५,०००चा फोन आणि वारीचा हिशोब

प्रश्न: नवी पेठेतून २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. माझा फोन ५,०००चा आहे, म्हणजे चार वेळा भरायला हवा. पण अडीच वेळातच संपते. मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी १२,०००' लिहिलंय. दुकानदाराने फसवलं का? भरायलाही रात्र पुरत नाही. आषाढीला आई-बाबा नातेपुत्यापासून पंढरपूरपर्यंत चालणार आहेत, त्यांच्यासाठी घेतली होती. परत करून मागे सोलर असलेली घेऊ का?

उत्तर:

दुकानदाराने फसवलेलं नाही. तुम्ही सांगता त्यावरून तुमच्या हातात आलेला माल चांगला आहे. ५,०००चा फोन अडीच वेळा भरणारी पॉवर बँक तिच्यावर लिहिलेलं खरं करून दाखवते आहे. परत करू नका, आणि सोलरवाली तर मुळीच घेऊ नका. ती का नको, ते खाली सांगतो.

आधी ते २०,००० आणि १२,००० यांचं कोडं सोडवू. एमएएच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सोलापूरच्या माणसाला चादरीच्या भाषेत सांगायचं तर एमएएच ही नुसती लांबी आहे आणि व्होल्ट ही रुंदी. कापड किती लागलं ते दोन्हींच्या गुणाकाराने कळतं. हा गुणाकार वॅट-अवरमध्ये मोजतात, आणि वीज खरी किती साठली आहे ते तोच आकडा सांगतो. पॉवर बँकेच्या आतले लिथियम सेल ३.७ व्होल्टचे असतात. २०,००० एमएएच हा आकडा त्या सेलचा आहे. म्हणून २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-अवर. तुमच्या पॉवर बँकेच्या मागे हा ७४चा आकडाही कुठेतरी छापलेला असेल, बघा.

पण यूएसबीच्या तोंडातून वीज बाहेर पडते ती ५ व्होल्टने. आतलं सर्किट ३.७चे ५ करतं. कापड तेवढंच, रुंदी वाढली, मग लांबी कमी होणारच. ७४ला ५ने भागलं की १४.८ येतात. म्हणजे एक कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी ५ व्होल्टला १४,८०० एमएएचच मिळू शकतात. प्रत्यक्षात व्होल्ट वाढवणारं सर्किट स्वतः थोडी वीज खातं आणि गरम होतं. शिवाय सेल अगदी कोरडे होण्याआधी आतलं संरक्षण त्यांना बंद करतं. हे सगळं वजा जाऊन कंपनी १२,०००चा शब्द देते. तीच ती रेटेड कपॅसिटी. पेटीवरच्या मोठ्या अक्षरांतला आकडा आतल्या सेलचा असतो आणि बारीक अक्षरांतला तुमच्या हातात पडणारा. खरेदी करताना दुसराच बघायचा. १०,०००च्या पॉवर बँकेवर तो बहुतेक वेळा ५,५०० ते ६,५००च्या दरम्यान दिसतो. ऑनलाइन जाहिरातीत हा आकडा कुठेच दिला नसेल, तर विकणाऱ्याला तो विचारा. उत्तर देत नसेल तर तो माल सोडून द्या.

आता तुमच्या फोनचा हिशोब करू. ५ व्होल्टला १२,००० एमएएच म्हणजे ६० वॅट-अवर. तुमच्या फोनची बॅटरी ५,०००ची, पण तिचे व्होल्ट ३.८५च्या आसपास असतात, म्हणून तिच्यात साधारण १९ वॅट-अवर मावतात. फोनमध्ये वीज जाताना पुन्हा थोडी उष्णतेत जाते, फोन चालू असेल तर तोही खात असतो. त्यामुळे १९ भरण्यासाठी केबलमधून २२ तरी सोडावे लागतात. ६०ला २२ने भागा, २.७ येतात. तुम्हाला अडीच मिळाले. उरलेला फरक चार्जिंग चालू असताना पाहिलेल्या व्हिडिओंचा किंवा बारीक केबलचा असणार. यात फसवणूक कुठेच नाही.

तरीही खात्री करून घ्यायची असेल तर घरच्या घरी करता येते. पॉवर बँक पूर्ण भरा, चारही दिवे स्थिर होईपर्यंत. फोन वीस टक्क्यांवर आणा, बंद करा आणि बंद अवस्थेतच शंभरपर्यंत भरा. हे ऐंशी टक्के झाले. फोन पुन्हा वापरून उतरवा, पुन्हा बंद करून भरा. पॉवर बँक स्वतःहून बंद पडेपर्यंत असं करत राहा आणि टक्के बेरजेत धरत जा. तुमच्या मालाची बेरीज २४० ते २७०च्या मधे आली पाहिजे. दोनशेच्याही खाली आली तर मात्र पावती घेऊन दुकानात जा. पॉवर बँकेवरच्या दिव्यांवर हा हिशोब करू नका. ते व्होल्टेज बघून अंदाज सांगतात. बऱ्याचदा पहिला दिवा फार वेळ टिकतो आणि शेवटचे दोन झटपट जातात.

दुकानात आम्ही हेच काम यूएसबी मीटरने करतो. केबल आणि पॉवर बँक यांच्यामध्ये बसणारं काडेपेटीएवढं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतं. पडद्यावर `V`, `A`, `mAh` आणि `Wh` असे आकडे येतात. त्यातला `Wh` वाचायचा. फास्ट चार्जिंगचा फोन लावला की पॉवर बँक ५ऐवजी ९ व्होल्ट देते, मग `mAh` एकदम कमी दिसतो आणि माणूस विनाकारण घाबरतो. `Wh` मात्र जवळपास तेवढाच राहतो. १२,००० रेटेड लिहिलेल्या पॉवर बँकेने मीटरवर ५६-५७ दाखवले तरी मी ती चांगलीच समजतो. मोजताना आणि केबलमध्ये एवढा फरक पडतोच.

खरी फसवणूक ओळखायला मीटरही लागत नाही, तराजू पुरतो. पॉवर बँकेत बऱ्याचदा गोल १८६५० सेल असतात, एकेकाचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम. २,५००चा एक सेल धरला तर २०,०००साठी आठ लागतात, म्हणजे नुसते सेलच ३६०-३८० ग्रॅम भरतात. चपटे पॉलिमर सेल थोडे हलके असतात, पण ७४ वॅट-अवर साठवायचे तर तेही ३०० ग्रॅमच्या फार खाली येत नाहीत. म्हणून '२०,०००' लिहिलेली वस्तू वाण्याच्या काट्यावर दोनशे-अडीचशे ग्रॅम भरली तर तिच्यात तेवढी वीज असणं शक्य नाही. असा बनावट माल उघडल्यावर दोन-तीन सेल आणि वजन वाढवायला भरलेली वाळू किंवा लोखंडी पट्टी निघालेली आहे. म्हणून वजन जास्त भरलं म्हणजे माल खरा, असंही नाही. वजन कमी भरलं तर तो खोटा, एवढं मात्र पक्कं. 'एक लाख एमएएच' आणि खिशात मावते, अशी जाहिरात दिसली तर काटाही काढायची गरज नाही. एवढे सेल किलोभराच्या वर जातात.

काट्याबरोबर आणखी एक गोष्ट बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाच्या खुणेजवळ 'आर' अक्षरानंतर आठ आकडे असतात. बीआयएस केअर नावाच्या अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाची आणि कोणत्या वस्तूची ते दिसतं. क्रमांक खरा, पण नोंदणी दुसऱ्याच कंपनीची, असा मालही बाजारात येतो. म्हणून नुसता क्रमांक छापलाय एवढ्यावर समाधान मानू नका, नावही जुळवून पाहा.

आता भरायला लागणारा वेळ. इथे बहुतेक घरांत एकच चूक होते. जुन्या फोनचा ५ वॅटचा चार्जर ड्रॉवरमध्ये पडून असतो, तोच पॉवर बँकेला लावला जातो. ७४ वॅट-अवर आत जायला साधारण ८५ सोडावे लागतात. ५ वॅटने ८५ म्हणजे सतरा तास. रात्र पुरत नाही ती यामुळेच. तोच चार्जर १० वॅटचा, म्हणजे ५ व्होल्ट २ अँपिअरचा असेल तर नऊ-दहा तास. तुमच्या पॉवर बँकेवर 'इनपुट' या शब्दापुढे ९ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असेल, तर ती १८ वॅट घेऊ शकते आणि साडेपाच तासांच्या आसपास भरते. मात्र त्यासाठी चार्जरही १८ वॅटचा हवा आणि त्याला पॉवर बँकेशी ते ९ व्होल्ट ठरवता आले पाहिजेत. काही फोनचे झटपट चार्जर फक्त स्वतःच्या फोनशी वेगाने चालतात आणि दुसरं काही लावलं की गुपचूप १० वॅटवर येतात. उलट, ६५ वॅटचा चार्जर लावला म्हणून पॉवर बँक तिच्या इनपुटपेक्षा जास्त घेणार नाही. बिघडणारही नाही, फक्त वेळ वाचणार नाही.

भागाकारापेक्षा प्रत्यक्ष वेळ जास्त लागतो, कारण लिथियम सेल शेवटच्या टप्प्यात हळू भरतो. ४.२ व्होल्टला पोचल्यावर सर्किट प्रवाह कमी कमी करत नेतं, सेल सुरक्षित राहावा म्हणून. चौथा दिवा तास-तास लुकलुकत राहतो तो यामुळे. तो बिघाड नाही. आणि केबलकडे दुर्लक्ष करू नका. रस्त्यावरची तीस रुपयांची केबल आतून केसासारखी बारीक असते. तिच्यात व्होल्ट पडतात आणि दोन अँपिअरऐवजी एकच जेमतेम पोचतो. चार्जिंग चालू असताना केबल किंवा तिची पिन हाताला गरम लागली तर तीच वेळ खाते आहे असं समजा.

सोलरवाली पॉवर बँक का नको, तेही आकड्यानेच पाहू. तिच्या पाठीवरची पट्टी फार तर पंधरा सेंटीमीटर लांब आणि सात रुंद. कडक उन्हात जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट पडतात. या पट्टीच्या वाट्याला त्यातले साडेदहा येतात. पट्टी त्याचा पाचवा हिस्सा विजेत बदलते असं उदारपणे धरलं तरी दोन वॅट होतात, आणि कोन व नुकसान जमेस धरता हाती वॅट-सव्वा वॅट राहतो. ८५ला सव्वाने भागा. जवळपास सत्तर तास कडक ऊन हवं. आपल्याकडे रोज पाच तास चांगलं ऊन मिळालं तरी दोन आठवडे गेले. आषाढात आभाळ भरलेलं असतं, तेव्हा तर विचारूच नका.

पण खरा आक्षेप वेळेचा नाही, उष्णतेचा आहे. ती पट्टी उन्हात ठेवायची म्हणजे तिच्याखालचे सेलही उन्हात ठेवायचे. लिथियम सेल भरताना त्याचं तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ नये, ही मर्यादा सेल बनवणारेच घालून देतात. वीज काढून घेताना ६०पर्यंत चालतं, भरताना नाही. काळ्या रंगाची डबी उन्हात ठेवली की अर्ध्या तासात हात लावू देत नाही. त्या अवस्थेत चार्जिंग चालू राहिलं की आतलं रसायन तुटू लागतं, वायू तयार होतो आणि सेल फुगतो. ज्याला खरंच उन्हावर भरणारी वस्तू हवी त्याने सोलर कंदील घ्यावा, तोही असा की पॅनल वेगळं आणि मधे लांब वायर. पॅनल पत्र्यावर, कंदील घरात सावलीत. दोन्ही एकत्र जोडलेले असतील तर दोष तोच.

सोलापूरच्या माणसाने ही ४५ची मर्यादा पाठच करून ठेवावी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त असतो. पॉवर बँक भरताना स्वतःही पाच-दहा अंशांनी तापते. म्हणजे मेच्या दुपारी पत्र्याखाली ती चार्जिंगला लावली की मर्यादा ओलांडलीच. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री, फरशीवर उघडी ठेवून भरा. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. दुकानात फुगलेल्या पॉवर बँका माझ्याकडे सगळ्यात जास्त उन्हाळ्यातच येतात. बहुतेक गादीवर, उशीखाली किंवा चादरीच्या घडीत ठेवून भरलेल्या असतात. आपली चादर जाड आणि घट्ट विणीची, ती ऊब बाहेर जाऊच देत नाही.

फुगलेली ओळखायची कशी? सपाट फरशीवर ठेवून बोट लावा. डुलत असेल, झाकणाची शिवण उघडली असेल किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत असेल, तर तिचं काम संपलं. चार्जिंग लगेच काढा. दाबू नका, टोचू नका, 'थोडी वापरून संपवू' असंही करू नका. जळणारं काही जवळ नसेल अशा जागी उघड्यावर फरशीवर ठेवा आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकली तर गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. धूर निघू लागला तर आधी माणसं बाहेर काढा, कारण तो धूर विषारी असतो. छोट्या पॉवर बँकेची आग विझवायला भरपूर पाणी चालतं, सेल थंड करण्यासाठी तेच लागतं. मात्र ती भिंतीतल्या चार्जरला जोडलेली असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

आता वारी. नातेपुत्याहून निघून माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर, असे पाच मुक्काम धरतो. बाबांकडे ५,०००चा फोन आणि आईंकडे बटणांचा साधा, असं मानू. एरवी दीड दिवस चालणारा फोन वारीत दिवसभरात उतरतो, कारण लाखोंच्या गर्दीत टॉवरवर ताण असतो आणि फोन सतत रेंज शोधत बसतो. निघताना दोन्ही फोन भरलेले असतील तर मोठा फोन चार वेळा भरावा लागेल, म्हणजे चार गुणिले २२, ८८ वॅट-अवर. साध्या फोनची बॅटरी हजारेक एमएएचची असते, त्याला एकदा भरायला पाच पुरतात. एकूण ९३. तुमची पॉवर बँक ६० देते. याचा अर्थ, वाटेत तिला वीज मिळायलाच हवी.

पूर्ण रात्रभर प्लग मिळेल ही आशा धरू नका. मुक्कामाच्या जागी एका बोर्डावर दहा जणांचे चार्जर लटकलेले असतात. पण १८ वॅटचा चार्जर आणि जाड केबल सोबत असेल तर दोन तासांत ३६ वॅट-अवर आत जातात, नुकसान वजा जाऊन त्यातले २५ परत मिळतात आणि बाबांचा फोन एकदा पूर्ण भरतो. दोन मुक्कामी असे दोन-दोन तास मिळाले की गरज भागली. जुना ५ वॅटचा चार्जर नेला तर तेवढ्याच वेळात फोनचा जेमतेम तिसरा हिस्सा भरेल. म्हणून दुसरी पॉवर बँक घेण्याऐवजी तेच पैसे चार्जर आणि केबलवर खर्च करा. दिवसा चालताना मोबाइल डेटा बंद ठेवायला सांगा, म्हणजे दोनपैकी एक चार्जिंग तसंही वाचेल.

एक गोष्ट आई-बाबांना हातात धरून दाखवा. चालताना फोन पॉवर बँकेला जोडून दोन्ही पिशवीत कपड्यांखाली कोंबायचे नाहीत. दोन्ही एकाच वेळी तापतात आणि वारा लागत नाही. मुक्कामाला बसल्यावर, समोर ठेवून भरायचं. पावसासाठी झिपवाली प्लास्टिकची पिशवी द्या, पण त्या पिशवीत फक्त ठेवायचं, तिच्यात चार्जिंग करायचं नाही. पॉवर बँक भिजलीच तर वरून पुसून चालवून बघू नका. पाणी आतल्या सर्किटवर राहतं आणि चार्जर लावल्यावर शॉर्ट होतं. ती बाजूला ठेवून परत आल्यावर दाखवायला आणा.

परतल्यावर ती कपाटात टाकून पुढच्या आषाढीपर्यंत विसरू नका. पूर्ण रिकामी ठेवली तर सेल हळूहळू उतरत इतका खाली जातो की पुन्हा भरतच नाही, आणि पूर्ण भरून गरम कपाटात ठेवली तर लवकर म्हातारी होते. दोन दिव्यांवर, म्हणजे अर्धी भरून, घरातल्या थंड जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा दोन दिव्यांवर आणा.